दोन्ही बाजूला गाठी, वीर्यात शुक्राणू शून्य, आणि टेस्टोस्टेरॉन मात्र नॉर्मल. हे जुळतं का?

रात्रपाळी
वय ३१. जन्मापासून सीएएच आहे, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींना पुरेसं कॉर्टिसॉल बनवता येत नाही असा आजार, त्यातला मीठ जाणारा प्रकार. लहानपणी आई गोळ्या हातात ठेवायची तोवर सगळं वेळच्या वेळी चाललं. कॉलेज संपलं, नोकरी लागली आणि संध्याकाळची हायड्रोकॉर्टिसोन बहुतेक वेळा राहूनच जाऊ लागली. खरं सांगायचं तर पाच-सहा वर्षं मी सकाळची एकच गोळी घेत होतो. चक्कर येत नव्हती, म्हणजे ठीक चाललंय असं वाटायचं.

लग्नाला अडीच वर्षं झाली, मूल नाही. वीर्य तपासणी दोनदा केली, दोन्ही वेळा शून्य. सोनोग्राफीत उजवीकडे २६ × १८ मिमी आणि डावीकडे १९ × १४ मिमी अशा गाठी दिसल्या. रिपोर्ट वाचून यूरोलॉजिस्ट म्हणाले, दोन्हीकडे गाठी आहेत, जोखीम नको, मोठी असलेली उजवी बाजू काढून टाकू. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे. घरी आल्यावर मी नावानिशी शोधलं तेव्हा 'टार्ट' हा शब्द सापडला. डॉक्टरांच्या कागदावर तो कुठेच नाही.

रक्ताचे आकडे असे: टेस्टोस्टेरॉन ४८० नॅनोग्रॅम/डेसिलिटर, अँड्रोस्टेनडायोन ६.२ नॅनोग्रॅम/मिलिलिटर, पिट्युटरी ग्रंथीकडून वृषणाला येणारे एलएच ०.४ आणि एफएसएच ०.९, सीएएच ताब्यात नसलं की चढणारं १७-ओएचपी १४,०००. एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच हे ट्यूमर मार्कर तिन्ही नॉर्मल.
टेस्टोस्टेरॉन ठीक असेल तर वृषण काम करतंय ना? मग शुक्राणू का नाहीत?

सदाबहार
मित्रा, घाबरू नका. माझ्या भावाला व्हेरिकोसील होतं, ऑपरेशन केलं आणि वर्षभरात घरात पाळणा हलला. तुमच्याही शिरा फुगल्या असतील. सोबत टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतलीत तर ताकदही वाढेल.

गणितवाला
सदाबहार, त्यांनी शिरांबद्दल विचारलेलंच नाही, गाठींबद्दल विचारलंय.

रात्रपाळी, मी डॉक्टर नाही, पण मलाही सीएएच आहे आणि आकडे वाचायची सवय आहे. टेस्टोस्टेरॉन वृषणातून येतंय की ॲड्रिनलमधून, हे अँड्रोस्टेनडायोन भागिले टेस्टोस्टेरॉन करून कळतं. ०.२ च्या खाली आलं तर वृषणाचं, १ च्या वर गेलं तर ॲड्रिनलचं. तुमचं ६.२ भागिले ४८०, म्हणजे ०.०१३. तेव्हा वृषण मस्त चाललंय, दोष कुठेतरी नळीत आहे.

अर्धविराम
गणितवाला, सूत्र बरोबर आहे, भागाकार चुकला. एक आकडा मिलिलिटरमध्ये आहे, दुसरा डेसिलिटरमध्ये. ६.२ ला शंभराने गुणा, ६२० होतील. ६२० भागिले ४८० म्हणजे १.३. पूर्ण उलटं उत्तर.

मी तीसएक वर्षं हॉर्मोनच्या ओपीडीत बसते. ही युनिटची गडबड मी डॉक्टरांच्या नोंदीतही पाहिली आहे, कारण दोन चाचण्या दोन लॅबमधून येतात आणि कुणी युनिटकडे बघत नाही.

आता रात्रपाळी, तुमच्याशी बोलते. तुमच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बहुतेक तुमच्या वृषणाने बनवलेलं नाहीच. कॉर्टिसॉल पुरेसं मिळत नाही म्हणून मेंदूकडून ॲड्रिनलला कामाला लावणारं एसीटीएच सतत सुटतं, त्या रेट्यात ॲड्रिनल भरमसाट अँड्रोजन तयार करते आणि त्यातलंच काही टेस्टोस्टेरॉन होतं. पिट्युटरीला वाटतं, रक्तात भरपूर आहे, मग ती वृषणाला हाक मारणं बंद करते. तुमचं एलएच ०.४ हेच सांगतंय. वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असावं लागतं, तरच शुक्राणू तयार होतात. तिथे हाक पोचली नाही की आतलं कोरडं पडतं. दाढी येते, इच्छा असते, स्नायू बरे असतात आणि वीर्य रिकामं, हे सगळं एकाच माणसात असू शकतं.

आणि टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन? सदाबहार, कृपा करून असा सल्ला देऊ नका. पिट्युटरी आधीच झोपली आहे, इंजेक्शनने ती आणखी गाढ झोपेल.

रात्रपाळी
मग गाठींचं काय? त्या कॅन्सर नाहीत हे कसं कळणार?

अर्धविराम
गर्भात ॲड्रिनल आणि वृषण अगदी शेजारी तयार होतात. वृषण खाली उतरताना ॲड्रिनलसारख्या काही पेशी त्याच्याबरोबर जातात. बहुतेकांत त्या निमूट पडून राहतात. तुमच्यासारख्यांत एसीटीएच वर्षानुवर्षं चढलेलं राहतं आणि त्या खतावर या पेशी वाढतात. टार्ट म्हणजे हेच. तो कॅन्सर नसतो.

त्या वाढतात ती जागाही नेमकी वाईट. शुक्राणूंच्या सगळ्या बारीक नळ्या जिथे एकत्र येऊन बाहेर पडतात तिथेच. सगळ्या गल्ल्या एका रस्त्याला मिळतात आणि त्याच तोंडावर कुणी मांडव घालावा तसं. म्हणून गाठ लहान असली तरी अडथळा मोठा. आणि खोलवर असल्याने साधारण दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर हाताला लागत नाही. 'तपासलं, काही नाही' याला इथे फारसा अर्थ नसतो, सोनोग्राफीच लागते.

तुमच्या बाबतीत दोन्हीकडे गाठी आहेत, सीएएच माहीत आहे, १७-ओएचपी चढलंय आणि ट्यूमर मार्कर नॉर्मल आहेत. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'मीडियास्टिनम टेस्टिस'जवळ, म्हणजे नळ्या एकत्र येतात त्याच जागेजवळ, असा शब्द आहे का बघा. हे सगळं एकत्र असेल तर आधी टार्ट समजूनच चालायचं. पण एक लक्षात ठेवा. गाठ कडेला असेल, एकाच बाजूला असेल, किंवा औषध नीट घेऊनही वाढत असेल, तर पुन्हा शंका घ्यायची. मार्कर नॉर्मल म्हणजे कॅन्सर नाहीच, असं होत नाही.

शस्त्रक्रियेची तारीख आहे म्हणता. ती रद्द करा असं मी इथून सांगणार नाही, तुम्हाला तपासलेलं नाही. पण त्याआधी एंडोक्रायनॉलॉजिस्टला दाखवल्याशिवाय टेबलावर जाऊ नका.

उरलेला_एक
नाव वाचून कळलंच असेल.

मी २४ वर्षांचा असताना डावीकडे गाठ सापडली. तेव्हा माझ्या सीएएचची फाइल एका शहरात आणि मी दुसऱ्या शहरात. सर्जनने विचारलं, काही आजार? मी म्हणालो, लहानपणापासून स्टेरॉइडच्या गोळ्या घेतो. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. पुढे काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. डावं वृषण काढलं. पॅथॉलॉजीत 'लायडिग सेल ट्यूमर', म्हणजे वृषणाच्याच पेशींचा ट्यूमर, आला. दोन वर्षांनी उजवीकडे तशीच गाठ. तेव्हा कुणीतरी स्लाइड परत मागवल्या आणि म्हणालं, हे लायडिग नाहीच.

सूक्ष्मदर्शकाखाली टार्ट आणि लायडिग ट्यूमर इतके सारखे दिसतात, असं मला नंतर सांगितलं. तुमची फाइल आधीच त्यांच्या टेबलावर ठेवा. मी ठेवली नाही.

अर्धविराम
उरलेला_एक, असे पेशंट मी पाहिले आहेत. लायडिग ट्यूमरमध्ये राइंकेचे स्फटिक दिसले तर फरक करता येतो, पण ते सगळ्या लायडिग ट्यूमरमध्ये दिसतातच असं नाही. म्हणून इतिहास न कळवता पाठवलेली स्लाइड पॅथॉलॉजिस्टला फसवू शकते.

पिंपळपान
माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, सीएएचच. हे वाचून रात्रभर झोप लागली नाही. त्याची आताच सोनोग्राफी करावी का?

अर्धविराम
पिंपळपान, टार्ट लहान मुलांतही सापडतात, पण खरा जोर पौगंडावस्थेत आणि पुढे. निदान वयात यायला लागला की नियमित सोनोग्राफी ठरवून घ्या, मधल्या काळात नियंत्रण ढिलं पडलं असेल तर त्याआधीही. आज रात्री झोपा. धोका तो १६-१७ चा होऊन 'मी घेतो माझ्या गोळ्या' म्हणेल तेव्हा वाढेल.

गणितवाला
युनिटची चूक मान्य. माझेच जुने रिपोर्ट काढून बघितले, तिथेही तीच भानगड होती. मग उपाय सरळ आहे ना? स्टेरॉइड भरपूर वाढवायचं, एसीटीएच दाबायचं, गाठी विरघळतात.

अर्धविराम
अर्धं खरं. काहींच्या गाठी काही महिन्यांत लहान होतात. पण जुन्या गाठीत तंतू तयार होऊन ती घट्ट झाली असेल तर ती एसीटीएचचं ऐकत नाही. आणि शेजारचा भाग वर्षानुवर्षं दाबला गेला असेल तर गाठ गेली तरी तो परत येत नाही. शेवटच्या टप्प्याचं नुकसान कायमचं असतं.

शिवाय 'भरपूर' म्हणजे किती? १७-ओएचपी पूर्ण नॉर्मलवर आणायचा हट्ट धरलात तर वजन, साखर, हाडं यांची किंमत मोजावी लागते. साध्या वेळी आम्ही ते थोडं वरच ठेवतो. मूल हवं असताना काही काळ कडक धरतो, आणि तो काळ ठरवून संपवतो.

सौ. प्रश्नचिन्ह
मी पत्नी म्हणून विचारते. गाठी काढून टाकल्या, वृषण ठेवून, तर रस्ता मोकळा होणार नाही का?

अर्धविराम
ऐकायला अगदी पटतं. नेदरलँड्समध्ये जुन्या गाठी असलेल्या ८ पुरुषांवर वृषण राखून अशी शस्त्रक्रिया केली होती, २००७ मध्ये तो अहवाल आला. पिट्युटरी आणि वृषण यांच्या कामात सुधारणा झाली नाही. दुखत असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, ते वेगळं. प्रजननासाठी म्हणून मी ती पहिली सुचवत नाही. लवकर केली तर फायदा होईल का, यावर आमच्यातही एकमत नाही.

तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं: तुमची स्वतःची जनुक तपासणी करून घ्या, सीवायपी२१ए२ ची, याच जनुकातल्या दोषाने हा आजार होतो. तुम्ही वाहक नसाल तर मुलं सगळी वाहक होतील, आजारी नाही. वाहक असाल तर प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता निम्मी. लॅबला आधी विचारा की ते हे जनुक नीट वेगळं काढू शकतात का, कारण शेजारीच त्याचं एक जवळजवळ जुळं पण निकामी जनुक बसलेलं असतं आणि साध्या पद्धतीत दोघांची सरमिसळ होते.

---

रात्रपाळी (साडेतीन महिन्यांनी)
धागा वर आणतोय. शस्त्रक्रिया पुढे ढकलली, रद्द झाल्यातच जमा. यूरोलॉजिस्टना फाइल दाखवली, ते शांतपणे म्हणाले, हे मला आधी सांगायला हवं होतं. माझं चुकलंच.

नवीन डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन थांबवून रात्री झोपताना डेक्सामेथासोन ०.५ मिलिग्रॅम सुरू केलं, फ्लुड्रोकॉर्टिसोन तसंच ठेवलं. पहाटे एसीटीएच उसळतं, त्याआधी औषध आत असावं म्हणून रात्री, असं त्यांनी सांगितलं. ताप आला किंवा उलट्या झाल्या तर काय करायचं तेही लिहून दिलं.

तीन महिन्यांनंतरचे आकडे: अँड्रोस्टेनडायोन ७० नॅनोग्रॅम/डेसिलिटर (या वेळी युनिट बघितलं!), टेस्टोस्टेरॉन ३९०. एलएच ३.१, एफएसएच ११. वीर्य अजून शून्य. वजन साडेचार किलो वाढलं, चेहरा गोल झालाय, रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे.
टेस्टोस्टेरॉन ४८० वरून ३९० ला उतरलं. हे वाईट नाही का?

गणितवाला
७० भागिले ३९०, ०.१८. या वेळी नीट केलं. टेस्टोस्टेरॉन घटलं पण आता ते तुमचं स्वतःचं आहे.

अर्धविराम
शाब्बास. आधीचे ४८० उसने होते, आताचे ३९० घरचे.

वीर्य शून्य यावर आत्ता काहीच ठरवू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, मग बाहेर यायला आणखी काही दिवस. तुमची पिट्युटरी कधी जागी झाली असेल? औषध सुरू झाल्यावर पाचव्या-सहाव्या आठवड्यात धरा. म्हणजे तिथून मोजायचं. अजून तीन महिन्यांनी परत तपासा, आणि त्या दिवशी गोठवायची सोय असलेल्या ठिकाणीच नमुना द्या. एकही जिवंत दिसला तर तो वाया जाऊ देऊ नका.

एफएसएच ११ मात्र मला थोडं खटकतंय. एलएच बेतात आणि एफएसएच नॉर्मलच्या थोडं वर म्हणजे पिट्युटरी आवाज वाढवतेय आणि खालून पुरेसं उत्तर येत नाही. काही भागाचं नुकसान झालेलं असावं. शुक्राणू बनवणारा भाग किती काम करतोय ते दाखवणारं इन्हिबिन-बी करून घ्या, ते कमी आलं तर चित्र जास्त स्पष्ट होईल.

झोप आणि वजन हे डेक्सामेथासोनचंच. डॉक्टरांना सांगा, सहन करत बसू नका. स्वतःहून बंद मात्र एक दिवसही नको.

उरलेला_एक
मला रात्री डेक्सा घेऊन असाच त्रास झाला होता. शेवटी डॉक्टरांनी डोस निम्मा केला, तेव्हा थोडं बरं वाटलं. आणि हो, पोटावर जांभळे पट्टे आले तर लगेच सांगा. मी लपवले होते.

सदाबहार
ती नवीन गोळी आली आहे ना परदेशात, तिने सगळं बरं होतं असं वाचलं.

अर्धविराम
क्रिनेसरफॉन्ट म्हणत असाल. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये तिला मान्यता मिळाली. ती मेंदूकडून एसीटीएच सुटण्याचं प्रमाण कमी करते, त्यामुळे स्टेरॉइड कमी डोसवर ठेवता येतं. स्टेरॉइडऐवजी नाही, त्याच्याबरोबरच घ्यायची. एसीटीएच कमी झालं की टार्टलाही फायदा व्हावा असा अंदाज बांधता येतो, पण मान्यता टार्टसाठी मिळालेली नाही. 'सगळं बरं होतं' हे खोडून टाका.

---

रात्रपाळी (आणखी तीन महिन्यांनी)
आधी गाठी. डावी १९ ची ११ मिमी झाली. उजवी २६ ची २१ वर अडकली आहे, मागच्या दोन सोनोग्राफीत तीच. इन्हिबिन-बी कमी आलं. डेक्सा ०.२५ वर आणलं, झोप लागते.

नमुना दिला तेव्हा आधी सांगितलं, काही दिसत नाही. मी निघायच्या तयारीत होतो. लॅबच्या बाईंनी नमुना सेंट्रिफ्यूज करून परत बघितला आणि मला थांबवलं. मोजके होते, हलणारे. चार कुप्यांत गोठवले. दहा दिवसांनी परत दिला, या वेळी सरळच दिसले, नऊ लाख प्रति मिलिलिटर. तेही गोठवले.

पत्नीची जनुक तपासणी झाली, रिपोर्ट अजून यायचा आहे.

सौ. प्रश्नचिन्ह
वाचून डोळे भरून आले. नऊ लाख म्हणजे नैसर्गिकरीत्या होईल का?

अर्धविराम
सौ., नॉर्मलची खालची रेषा एक कोटी साठ लाखांच्या आसपास धरतात, त्यामुळे नऊ लाखांवर विसंबून मी कुणाला वर्षभर थांबवणार नाही. इक्सी, म्हणजे लॅबमध्ये एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणं, त्याला मात्र एवढे पुरेसे आहेत.

रात्रपाळी, उजवी गाठ २१ वर अडकली म्हणजे तिचा घट्ट झालेला भाग उरला असावा. तिच्यामागे धावून डोस पुन्हा वाढवू नका. गाठ किती मिमी राहिली यापेक्षा एलएच जागं आहे आणि कुपीत काही साठलंय, हे तुमच्या कामाचं. उजवीवर दर सहा महिन्यांनी नजर ठेवायची. वाढली तर वेगळी चर्चा करू.

गणितवाला
मला वाटतं अजून सहा महिने डेक्सावर राहिलात तर आकडा कोटीत जाईल. माझा गेला होता.

अर्धविराम
तुमच्या गाठी किती मोठ्या होत्या?

गणितवाला
मला गाठी नव्हत्याच. फक्त एलएच दबलेलं होतं.

अर्धविराम
मग तुमची आणि त्यांची गोष्ट वेगळी. तुमच्याकडे फक्त हाक पोचत नव्हती, त्यांच्याकडे रस्ताही अडलेला आहे.

रात्रपाळी
डॉक्टरांशी बोलणं झालं. डेक्सा अजून दोन महिने, तेवढ्यात आणखी दोन नमुने गोठवायचे आणि मग हायड्रोकॉर्टिसोनवर परत, दिवसातून तीनदा. संध्याकाळच्या गोळीसाठी फोनवर गजर लावलाय. पत्नीचा रिपोर्ट आला की इथे लिहितो.

पिंपळपान
लिहा नक्की. आमच्याकडेही गजर लावलाय, मुलानेच लावला.